बाजारातल्या संडासाचं व्याज

त्या दिवशी फारूकभाईंनी माझं डोकं उठवलं. माझं काम लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून द्यायचं. भद्रावतीत, आठवडी बाजाराच्या तोंडाशी माझं दुकान आहे, आणि वीस वर्षांत गिऱ्हाइकांचे नाना प्रकार पाहिलेत. कोणी उत्पन्न लपवतो, कोणी विसरतो, कोणी बायकोच्या नावावर ढकलतो. पण आलेलं उत्पन्न माझं नाहीच म्हणून हटून बसलेला माणूस पहिल्यांदाच भेटला.

फारूकभाई माजरीच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. आता रिटायर झालेत. वडिलांची जमीन खाणीत गेली, तिचा पैसा त्यांनी पोस्टाच्या टाइम डिपॉझिटमध्ये आणि थोडा इथल्या एका पतसंस्थेत टाकला होता. नोकरीत असताना दरवर्षी फॉर्म सोळा घेऊन माझ्याकडे यायचे. मी विचारायचो, "दुसरं काही उत्पन्न?" ते म्हणायचे, "नाई." गडी सरळ, त्यामुळे मी पुढे खोदून विचारत नव्हतो.

आणि आता इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर नोटीस आली होती. तीन वर्षांपूर्वीच्या सालात पोस्टाकडून तुम्हाला दीड लाखाच्या आसपास व्याज मिळालं, रिटर्नमध्ये ते दिसत नाही, खुलासा करा. खुलाशाचा तो शेवटचा दिवस होता. फारूकभाई दुपारी आले, सोबत बायको साबिराबाई.

"टॅक्स लागत असता तं पोस्टानं कापला नसता का?" फारूकभाई म्हणाले. "खाणीत पगारातून कापत होते ना? पतसंस्थेत बी कोणी कापला नाई."

हे वाक्य मी आठवड्यातून दहा वेळा ऐकतो. "भाऊ, या डिपॉझिटवर पोस्ट टीडीएस कापत नाई. लहान पतसंस्था सभासदाच्या व्याजावर कापत नाई. कापत नाई म्हणजे माफ नाई. तुमचं तुम्ही दाखवायचं अन् भरायचं. पोस्ट व्याजाचा आकडा वर कळवते, म्हणून तर नोटीस आली."

"पण व्याज माझं नोहोय."

"पॅन तुमचा आहे."

"पॅन माझा. व्याज माझं नोहोय. आमच्यात सूद हराम. मी पैसा ठेवला तो चोरी होऊ नये म्हणून. एक रुपया घरात आणला नाई. साबिराले पुस."

साबिराबाईंनी मान हलवली.

"मग गेलं कुठी?" मी विचारलं.

फारूकभाईंनी उघड्या दारातून बोट दाखवलं. बाजाराच्या कडेला निळ्या पत्र्याचे संडास आहेत, एक बाजू बायांची, एक गड्यांची, वर पाण्याची टाकी. भाजी विकायला येणाऱ्या बायांची त्याआधी किती आबाळ व्हायची ते मी रोज पाहायचो. माझ्या दुकानालाही सोय नाही, मी तिथेच जातो. ते व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधले असं मला वाटायचं.

"तुम्ही बांधले?"

"मी नाई बांधले. व्याजानं बांधले," ते चिडून म्हणाले. "अशा पैशाचं सवाब, म्हणजे पुण्य, मिळत नाई, घ्यायचं बी नसते. फक्त अंगावरून काढून टाकायचा. म्हणून नाव टाकू दिलं नाई, पावती घेतली नाई."

मला खरंच रडू यावं की हसू तेच कळेना. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. माहितीवर उत्तर द्यायला पोर्टलवर ठरलेले पर्याय असतात. माहिती बरोबर आहे. उत्पन्न करपात्र नाही. माहिती दुसऱ्या पॅनची आहे. माहिती नाकारतो. आणखी दोन-चार.

"हे टाक ना, दुसऱ्या पॅनची."

"कोणाच्या पॅनची? अल्लाकडे पॅन आहे का?" मी बोलून गेलो आणि लगेच लाज वाटली. पण साबिराबाई पदराआड हसल्या.

"मग नाकारतो म्हून टाक."

"ते खोटं होईल. व्याज तुमच्या खात्यात आलं. आल्यावर दान करा, फेका, संडास बांधा, कायद्याले काही देणंघेणं नाई. आलं त्या क्षणी तुमचं. पावती असती तरी यात सूट नसती मिळाली."

"तिथी लिहिता येते का, की आलं पण खाल्लं नाई?"

"नाई येत."

"एक ओळ?"

"भाऊ, जागाच नाई!" मी टेबलावर हात आपटला. राग त्यांच्यावर नव्हता. एवढा मोठा फॉर्म, त्यात घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेल्या पैशालासुद्धा रकाना आहे, आणि या माणसाच्या एका ओळीला जागा नाही, याचा राग होता.

मी हिशेब काढला. अपडेटेड रिटर्न भरायचं. तेव्हा ते साठीच्या आत होते, म्हणून ज्येष्ठांची सूटही नाही. मूळ टॅक्स, त्यावर इतक्या महिन्यांचं व्याज, आणि उशिराबद्दल त्या सगळ्याच्या वर निम्मा आणखी. साठ हजारांच्या पुढे आकडा गेला.

"टॅक्सवर बी व्याज लावते सरकार?" फारूकभाईंनी विचारलं. मी मान डोलावली.

मग ते बायकोकडे न बघता म्हणाले, "संडासवाला पैसा तं गेला. आता उमऱ्याच्या पैशातून द्यावं लागेल."

तेव्हा मला कळलं. पेन्शनमधून वाचवून दोघांनी उमऱ्यासाठी पैसे जमवले होते, येत्या थंडीत मक्केला जायचं ठरलं होतं. ज्या पैशाला त्यांनी हात लावला नाही, त्याचा टॅक्स त्यांच्याजवळच्या सगळ्यात स्वच्छ पैशातून जाणार होता.

"दे दो जी," साबिराबाई म्हणाल्या. "सर पे देना रख के वहाँ कैसे जाएँगे? अगले साल जाएँगे."

"पैसे की बात नहीं है," फारूकभाई म्हणाले. "मेरे नाम के आगे सूद लिखवाना है. ज़िंदगीभर बचा इससे."

साबिराबाईंनी डोळे पुसले.

शेवटी फारूकभाई माझ्याकडे वळले. "पतसंस्थेचं टाकलं का?"

"त्याचं नोटीसमध्ये नाव नाई. वर कळवलेलं दिसत नाई. कोणी विचारलं नाई, तुम्ही बी..."

"प्रवीण. आता माझं म्हणायचंच आहे, तं अर्धं काऊन म्हणू? तेही टाक."

मी पुष्कळ समजावलं. चिडलो, ओरडलो, उमऱ्याची आठवण दिली. ते ऐकेनात. पतसंस्थेतून व्याजाचा दाखला मागवला, आकडा वाढवला, रक्कम ऐंशी हजारांजवळ गेली. त्यांनी मुकाट्याने मोबाइलवरून चलन भरलं. मग त्यांच्या फोनवर ओटीपी आला. तो सांगताना प्रत्येक आकड्यानंतर ते थांबत होते, जणू फौजदारासमोर कबुली देत होते. रिटर्न गेलं. नोटिशीला मी उत्तर टाकलं: माहिती बरोबर आहे.

प्रिंट काढून हातात दिली. व्याजाच्या रकान्यावर त्यांनी अंगठा ठेवला, घडी केली आणि परत माझ्यासमोर ठेवली.

"घरात नको हे. तुझ्यापाशीच राहू दे."

ते गेल्यावर मी ती खणात टाकली आणि संडासाकडे गेलो. बाजार उठत होता. बायांच्या बाजूला टोपल्या टेकवून दोघी-तिघी उभ्या होत्या. मी भिंत सगळीकडून पाहिली, टाकीसुद्धा. कुठेच नाव नव्हतं. नाव होतं ते फक्त माझ्या खणात, व्याज खाणाऱ्यांच्या रकान्यात.