झाकणापुरता डबा

प्लास्टिकच्या डब्यांच्या कंपनीत फोनवर बसणाऱ्या ताईंनी सकाळपासून एकवीस जुन्या गिऱ्हाइकांना एकच पाढा वाचून दाखवला होता. सात नंबरचा डबा बंद होतोय, शेवटची ऑर्डर महिनाअखेरपर्यंत घेऊ, त्याऐवजी चौदा नंबर घ्या, माप तेच आणि किंमतही तीच. सगळे "बरं" म्हणाले. बाविसावे होते घड्याळं दुरुस्त करणारे काका.

"चौदाचं झाकण कसं आहे?" काकांनी विचारलं.

"पारदर्शक, मधे फुगीर."

"मग माझ्या काय कामाचं?"

ताईंना राहवेना. टीचभर दुकान, आणि दर तीन महिन्यांनी दोन डझन डबे. "काका, त्यात ठेवता तरी काय?"

"काहीच नाही. डबे शेजारीण नेते, रोपं लावायला. मला झाकण हवं, पांढरं आणि सपाट. ते उलटं ठेवून त्यात घड्याळ उघडतो. तिळाएवढा स्क्रू दिसतो आणि काठामुळे पळून जात नाही. घड्याळाचे भाग त्यातच पेट्रोलने धुतो, त्याने झाकणं तडकतात, म्हणून सारखी लागतात."

ताईंनी नमुन्यांच्या कपाटातलं एकेक झाकण उलटं करून त्यात टाचणी टाकून पाहिली. "तीन नंबर घ्या. डबा बुटका आहे, पण झाकण तुम्हाला हवं तसंच."

"डब्याचं शेजारीण बघेल."

ताईंनी यादीतल्या एकवीस खुणांकडे पाहिलं आणि पहिला नंबर पुन्हा फिरवला.

"मघाशी एक विचारायचं राहूनच गेलं," त्या म्हणाल्या. "सात नंबरचं तुम्ही करता काय?"