सतरा फ्रेम

बाईचा फिल्ममधल्या वेळेवर हात फार बसलाय, असं तिचा आतेभाऊ येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. फिल्म एडिटिंगचा स्टुडिओ त्याचा आणि राबणारी ही. लग्नाच्या फिल्ममध्ये हार गळ्यात पडताना क्षण हळू करायचा, जाहिरातीत गाडी वळणावर सुसाट सोडायची, मध्येच चित्र गोठवायचं, ही सगळी कामं हिच्याकडे. टाइम रीमॅप, म्हणजे क्लिपचा वेग बदलायची सोय, सुरू केली की क्लिपला दोन कीफ्रेम, म्हणजे वेळेच्या खुणा, लागतात, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. त्यांमधलं अंतर वाढवलं की चित्र रेंगाळतं, कमी केलं की पळतं, आणि दोन कीफ्रेमना मूळ क्लिपमधली एकच वेळ दिली की गोठतं. हे ती झोपेतसुद्धा करेल.

त्या आठवड्यात खोक्यांच्या कारखान्याची एक क्लिप आली होती. सीसीटीव्हीची. मदतनीसाचा हातमोजा रोलरमध्ये ओढला गेला, दोन बोटं गेली. शेजारीच मशीन चालवणाऱ्या बाईने, मशीनवालीने, बंदचं बटण दाबलं होतं. मॅनेजरांना ‘चौकशीत नीट दिसेल अशी’ फिल्म हवी होती, वर घड्याळही हवं होतं. हिने नेहमीचं केलं. आधीचं पाऊण मिनिट पाच सेकंदांत पळवलं, मोजा अडकला तिथे वेग चौपट मंद केला, मधल्या फ्रेम संगणकाकडून भरून घेतल्या, मशीनवालीच्या चेहऱ्यावर चित्र गोठवलं, आणि सगळ्यांच्या वर घड्याळाची वेगळी लेयर ठेवली. झकास दिसत होतं.

दुपारी आतेभाऊ खुशीत आला. मॅनेजरांना फिल्म बेहद्द आवडली होती. मशीनवाली बटणापर्यंत पोचायला चार सेकंद नुसती बघत उभी राहिली, हे त्यात स्पष्ट दिसतंय म्हणे. तीन वाजता चौकशी समितीपुढे दाखवायची, म्हणजे तिची नोकरी गेलीच म्हणून समजा. ‘चार सेकंद’ तेवढं मोठ्या अक्षरांत टाकून हवंय.

चार? हिने कीफ्रेम उघडल्या, मूळ वेळा वजा केल्या. मोज्यापासून बटणापर्यंत सतरा फ्रेम. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर पाऊण सेकंदसुद्धा भरत नव्हतं. हळू केलेल्या अडुसष्ट, गोठवलेल्या बत्तीस, झाल्या शंभर, म्हणजे चार सेकंद. घड्याळ क्लिपच्या आत ठेवलं असतं तर तेही चित्राबरोबर मंद झालं असतं, गोठलं असतं. ते बाहेर राहिलं, म्हणून आपल्याच वेगाने धावत सुटलं. कसली हुशारी आणि काय! चूक हिचीच होती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

आतेभाऊ म्हणाला, आपल्याला काय करायचंय, गिऱ्हाईक खूश आहे ना? वर्षभराचं काम आहे त्यांचं, उगाच नसत्या भानगडीत पडू नकोस.

“दादा, तिने चार सेकंद काढले नाहीत. मी काढले.”

तो म्हणाला, समितीपुढे गेलीस तर परत या खुर्चीवर बसू नकोस. हिने खुर्ची मागे सारली आणि लॅपटॉप उचलला.

कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. मशीनवाली टोकाला, हात मांडीवर घेऊन बसलेली. हिला बघून मॅनेजरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. या बाहेरच्या आहेत, यांना बोलावलेलं नाही, असं त्यांनी समितीच्या वयस्कर अध्यक्षांना सांगितलं. ही म्हणाली, फिल्म मी केलीय आणि ती चुकीची आहे, एवढं ऐकून घ्या, मग खुशाल हाकला.

अध्यक्षांनी मान हलवली. तिने घड्याळ क्लिपच्या आत सरकवलं आणि तोच मंद तुकडा लावला. आकडे गोगलगायीसारखे सरकले, चेहरा गोठला तसे तेही थांबले, आणि बटण दाबलं गेलं तेव्हा घड्याळात मोज्यापासून फक्त सतरा फ्रेम उभ्या होत्या. मग तिने मूळ क्लिप तिच्या खऱ्या वेगाने दाखवली. मोजा अडकला आणि बटण दाबलं गेलं, अध्यक्षांना ‘हं’ म्हणायलाही सवड मिळाली नाही.

मॅनेजर म्हणाले, फार भरकन गेलं, जरा हळू करून दाखवा.

“नाही करणार,” ती म्हणाली. “त्या दिवशी ते एवढ्याच वेगाने झालं. त्या मंद तुकड्यातल्या चारांपैकी तीन फ्रेम कॅमेऱ्याने घेतलेल्याच नाहीत, त्या संगणकाने रचल्यात. त्यांच्या भरवशावर तुम्ही हिला घरी पाठवणार का?”

अध्यक्षांनी जुनी फिल्म बाजूला ठेवून मूळ क्लिपच नोंदीत घ्यायला सांगितली.

मशीनवाली उठून लॅपटॉपजवळ आली.

“सकाळी ती फिल्म दाखवली ना यांनी,” ती म्हणाली, “तेव्हापासून मलाच वाटायला लागलं होतं, की खरंच मी चार सेकंद त्याच्याकडे नुसती बघत उभी राहिले. पुन्हा एकदा लावाल का? आहे तशीच.”

हिने क्लिप पुन्हा लावली.