पडद्याचे ग्लव्हज

आमच्या पलासियातल्या हॉस्पिटलात हात कसे चोळायचे ते दाखवणाऱ्या पोस्टरवर फोटो माझाच आहे. फोटोत मी फार शहाणी दिसते.

काल त्याच पोस्टरखाली दत्तोपंतकाकांना इंजेक्शन द्यायचं होतं. किमोमुळे त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्यात, आणि गळ्याजवळची नळी थेट मोठ्या शिरेत जाते. तिथून जंतू शिरला, तर रक्तातच. मी सॅनिटायझर लावलं, ग्लव्हज चढवले, पडदा ओढला आणि नळीकडे हात नेला.

"रुको, सिस्टरजी!"

"अहो काका, ग्लव्हज आहेत ना!"

"ते पडद्याचे झाले. माझे कुठे आहेत?"

पेशंटनं बेधडक टोकावं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. इतक्या लवकर शिकतील असं वाटलं नव्हतं.

ग्लव्हज काढले, सॅनिटायझर घेऊन हात कोरडे होईपर्यंत चोळले, नवी जोडी घातली, नळीचं तोंड स्पिरिटच्या पट्टीनं घासून वाळू दिलं. काका एकदा पोस्टरकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"फोटोतल्या बाई जरा जास्त हुशार वाटतात," ते म्हणाले.

"त्यांना पडदा ओढावा लागत नाही ना," मी म्हटलं, आणि हळूच औषध सोडलं.