तीन सारखे वाटे

बाइंडिंगच्या कारखान्याचा भागीदारीचा करार तीन भावंडांनी केला, तेव्हा वाटे सारखे असावेत यावर तिघांचं एकमत होतं. ते कसे लिहावेत याबद्दल मात्र प्रत्येकाची आपापली सोय होती. थोरला शाळेत गणित शिकवायचा. त्यानं सांगितलं, "एक तृतीयांश." मधल्यानं त्याच आठवड्यात कॅल्क्युलेटर घेतला होता. त्यानं बटणं दाबून ३३.३३ टक्के काढले. धाकटी औषधाच्या प्रयोगशाळेत वजनं करायची आणि दशांशाच्या पुढं दोन घरं झाली की तिला बरं वाटायचं. ती म्हणाली, "माझे ०.३३ लिहा." टंकलेखकानं तिघांचं ऐकलं. टंकलेखकाला बेरजेचे पैसे मिळत नव्हते.

पुढं कारखाना चालवला तो मधल्यानंच. कटिंग मशीनच्या मागच्या खोलीत, डिंकाच्या वासात, तीस वर्षं त्यानं हिशेब लिहिले. वही उघडली की उजव्या समासात एक आकडा उरायचा. नऊ लाखांच्या नफ्यात थोरल्याचे तीन लाख, त्याचे स्वतःचे दोन लाख नव्व्याण्णव हजार नऊशे सत्तर, धाकटीचे दोन लाख सत्त्याण्णव हजार. उरले तीन हजार तीस. ते तो हिशेबाच्या कष्टांबद्दल ठेवून घेई. आपण कुणाच्या ताटातलं काढत नाही, अशी त्याची मनापासून समजूत होती. ताटाबाहेर सांडलेलं तेवढं उचलतो.

बारा वर्षांपूर्वी धाकटीनं ते विचारलं. नवरा आजारी होता, औषधांचा खर्च होता, आणि वाटे सारखे ठरले असताना आपल्याला दरवर्षी तीन हजार कमी का, एवढंच तिला हवं होतं. मधल्यानं तिला चहा दिला, मग एक पत्र केलं. करारातले आकडे जसे लिहिले तसेच धरावेत, त्यात जवळपास म्हणून काही करू नये, ०.३३ म्हणजे एक तृतीयांश नव्हे, आणि उरलेली रक्कम हिशेब ठेवणाऱ्या भागीदाराची. नेहमीप्रमाणे थोरल्यानं न वाचता सही केली. धाकटीनं वाचून केली. त्याच दुपारी तिला औषधाच्या दुकानात जायचं होतं आणि मधल्यानं उचल म्हणून वीस हजार टेबलावर ठेवले होते. पत्र कराराला टाचलं गेलं.

यंदा थोरल्यानं जागा विकायची ठरवली. गिऱ्हाईक नव्वद लाख देत होतं. त्याला पोटमाळ्यासकट सगळं पाडायचं होतं. मधल्याची झोप उडाली नाही. त्याला करारातलं नववं कलम पाठ होतं: जागा विकायची तर ज्याचा वाटा एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त आहे, अशा प्रत्येक भागीदाराची संमती हवी. आपण संमती देणार नाही, म्हणजे विषय संपला, असं त्यानं वकिलाच्या खोलीत बसता बसताच सांगून टाकलं. धाकटीचाही विक्रीला विरोध होता. ते ऐकून त्याला बरंच वाटलं.

वकिलांनी चष्मा पुसला. मग कागदावर एकाला तीननं भागायला घेतलं आणि तीन, तीन, तीन लिहीत ओळीच्या शेवटापर्यंत गेले.

"हे संपत नाही," ते म्हणाले. "तुमचे ३३.३३ टक्के मात्र चार तीनांवर संपतात. म्हणजे तुमचा वाटा एक तृतीयांशाहून कमी भरतो."

"किती कमी?"

"लाखात तीन, साडेतीन."

"हे काय कमी झालं म्हणायचं? तिघांचे वाटे सारखेच होते, साहेब. हेतू बघायचा असतो."

"हेतूच बघितला असता. तो सारख्या वाट्यांचाच दिसतोय." वकिलांनी टाचलेलं पत्र पुढं सरकवलं. "पण मग हे आहे. तिघांच्या सह्या आहेत. अक्षर तुमचं."

मधल्यानं पत्र वाचलं. भाषा फार चोख होती. त्यातून बाहेर पडायला त्यानं स्वतःसाठीसुद्धा जागा ठेवली नव्हती. करारात पूर्ण एक तृतीयांश एकट्या थोरल्याचा होता. संमती त्याचीच लागणार होती, आणि ती देणाराही तोच होता.

थोरला खिडकीबाहेर बघत म्हणाला, की मला तर हे पत्र आठवतच नाही. आणि ते खरंच होतं.

"भाऊ," धाकटी मधल्याला म्हणाली, "त्या दिवशी माझा वाटा एक तृतीयांश धरला असतास, तर आज तुझाही तेवढाच झाला असता."

वकिलांनी विक्रीच्या पैशांची वाटणी त्याच आकड्यांनी मांडली. थोरल्याचे तीस लाख. मधल्याचे एकोणतीस लाख नव्व्याण्णव हजार सातशे. धाकटीचे एकोणतीस लाख सत्तर हजार. खाली उरले तीस हजार तीनशे.

"हे कुणाचे?" वकिलांनी विचारलं.

"त्याचे," धाकटी म्हणाली. "लिहिलंय तसंच धरा."

वकिलांनी पावती पुढं केली. मधल्यानं सवयीनं आधी बेरीज ताडून पाहिली. ती बरोबर होती. मग त्यानं सही केली.