दळणाचा हिशोब

संध्याकाळपर्यंत क्रांतीला एकच गोष्ट ठरवायची होती. करंजाड्यातल्या कॅन्टीनच्या अंकुशला रोज दोनशे पोळ्या द्यायच्या, त्या गिरणीच्या पिठाच्या की पिशवीतल्या तयार आट्याच्या?

कागदावर गिरणी स्वस्त होती. गहू अडतीस रुपये किलो, दळणाचे आठ; झाले सेहेचाळीस. गिरणीत सांडतं-उडतं ते धरून सत्तेचाळीस म्हणू. तयार आटा अठ्ठेचाळीस. शिवाय सासूबाईंना, गिरजाबाईंना, दळणाला जायला आवडायचं. जालन्याकडच्या दोघी-तिघी तिथं भेटायच्या. पिशवी आली की ते संपलं.

"तरी एकदा करून बघू," क्रांती म्हणाली. "दोन्ही पिठं एकेक किलो. गोळे मी काट्यावर सारखे तोलते."

"बघ की. माझंच पीठ जिंकंल," गिरजाबाईंनी पदर खोचला. गिरणीचं पीठ त्यांनी मळलं, आट्याचं क्रांतीनं.

आट्याच्या अठ्ठेचाळीस पोळ्या झाल्या. गिरणीच्या पिठाच्या चव्वेचाळीस.

क्रांतीनं पुन्हा मोजल्या. गोळे सारखे, काटा तोच, पीठ किलो-किलो. मग स्वस्त पीठ महाग कसं पडलं? गिरणीवाला वजनात मारतो म्हणावं, तर किलो तिनं स्वतः घरी मोजला होता.

"पाणी कमी घातलंत का, आई?"

"पोळ्या लाटून केस पांढरे झाले माझे, पाणी शिकवतीस?"

"मग गिरणी परवडत नाही. उद्यापासून पिशवीच आणू."

गिरजाबाई ओट्यावरची परात उचलून विसळायला निघाल्या, तेव्हा क्रांतीला मागची ताटली दिसली. तिच्यात तांबूस कोंडा होता.

"हे काय?"

"काय म्हंजे? पीठ चाळलं. न चाळता कुणी मळतं का?"

क्रांतीनं ताटली काट्यावर ठेवली, मग रिकामी करून पुन्हा ठेवली. कोंडा ऐंशी ग्रॅम. आट्याची पिशवी तिनं थेट परातीत रिकामी केली होती. तो आटा चाळायचं तिला सुचलंही नव्हतं.

"आई, तुमच्याच हातानं तुमचं पीठ हरवलंत."

"मी?" गिरजाबाई ताटलीकडं बघत राहिल्या. "आन् कोंड्याच्या पोळीला लोकांनी नावं ठेवली तर?"

क्रांतीनं गिरणीच्या पिठाचा पुन्हा किलो मोजला आणि चाळणी वरच्या फळीवर ठेवली. या खेपेला पोळ्या अठ्ठेचाळीस झाल्या. जरा काळसर, पण मऊ. त्यातल्या दहा तिनं अंकुशकडं पाठवल्या, काही न सांगता.

दिवेलागणीला त्याचा फोन आला. "ताई, याच चालतील. कुठलं पीठ?"

"गिरणीचं."

गिरजाबाईंनी दळणाचा डबा उचलला. दारातून मागं वळून फळीकडं पाहिलं.

"चाळणी खाली काढू नगं," त्या म्हणाल्या. "माझा हात जाईल."