फ्रीजवरचा कागद

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वरिष्ठ बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझे ईमेल हुकूम सोडल्यासारखे वाटतात." तिने लिहिलं होतं, 'सेंड मी द फाइल.' मनात मात्र 'फाइल पाठव ना जरा' असंच होतं. त्यातले 'ना' आणि 'जरा' इंग्रजीत कुठे ठेवायचे, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. त्या दिवशी तिचे कान तापले. तेव्हापासून ती 'प्लीज' आणि 'कुड यू' मिठासारखं प्रत्येक वाक्यावर भुरभुरवू लागली.

बाळ दहा महिन्यांचं झालं आणि ती पुन्हा कामावर जाऊ लागली. दिवसभर बाळाला सांभाळायला मावशी यायची; सख्खी, आईच्या पाठची. भरवताना मावशी बाळाला मोबाइल दाखवायची. तोंडावर सांगायचा धीर होईना, म्हणून सकाळच्या घाईत तिने फ्रीजवर कागद चिकटवला: 'कृपया बाळाला जेवताना मोबाइल दाखवू नये. धन्यवाद.'

किती सभ्यपणे लिहिलं, असं वाटून ती खूशही झाली.

संध्याकाळी मावशी पिशवी घेऊन दारातच उभी.

"काय गं, ही पाटी कोणासाठी?"

"पाटी कसली? नुसतं—"

"बागेत लावतात तशी. कृपया फुले तोडू नयेत. वर धन्यवाद! अगं, परक्या माणसालासुद्धा तोंडाने सांगतात."

"मावशी, प्लीज ऐक ना—"

"ते प्लीजबिलीज तुझ्या ऑफिसात. 'मावशे, वेणी घाल' म्हणून डोकं पुढे करायचीस, तेव्हा मी कधी रुसले होते? उद्यापासून पाळणाघर बघ."

मावशी गेली. तिने कागद पुन्हा वाचला. त्यात ती नव्हती, मावशी नव्हती. सरकारी कचेरीची भिंत होती. जिने न्हाऊमाखू घातलं, तिला आपण 'दाखवू नये' म्हटलं! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कागद फाडतानाही तिने मान वळवली.

बाळाला कडेवर घेऊन ती दोन गल्ल्या ओलांडून मावशीकडे निघाली. वाटेत शब्द जुळवत होती. 'आलीस तर बरं होईल' फार लांबचं. 'येशील का' म्हणजे नाही म्हणायला मोकळीक, आणि त्याचीच तर भीती. दार उघडलं आणि जुळवलेलं सगळं सांडलं.

"मावशी, चुकलं गं माझं. त्याला मोबाइल नको ना दाखवूस. गाणी म्हण जरा. आणि उद्या ये हं."

"एवढंच होतं, तर सकाळी जीभ कुठे गेली होती?"

मावशीने बाळाला ओढूनच घेतलं.

"उभी काय राहिलीस? वाळलेले कपडे आण आतले. घड्या घाल. आणि उद्या नऊला येते, उशीर करू नकोस निघायला."

मावशीच्या बोलण्यात 'ना' नाही, 'जरा' नाही. तिने कपडे आणले. मावशी बाळाशी बोबडं बोलत होती. इकडे तिला वर बघवेना. एकाच टॉवेलची घडी ती पुन्हा पुन्हा मोडत बसली.