अर्ध्या डोक्याला तेल

थोरलीच्या तेलाला जाहिरात लागत नसे. ती नुसती पाठमोरी उभी राहिली की काम व्हायचं. कमरेच्या खाली पोचणारी जाडजूड वेणी घेऊन ती बाजारात एक फेरी मारून आली, की दोन-तीन नव्या बायका पत्ता विचारत दाराशी यायच्याच. मागच्या खोलीत मंद आचेवर तेल ठेवायचं, त्यात पाला आणि ठेचलेल्या बिया घालायच्या, तळाला लागू न देता ढवळत राहायचं, निवलं की फडक्यातून गाळून बाटल्या भरायच्या, हा तिचा बऱ्याच वर्षांचा उद्योग. बाटलीवर लिहिलेलं असे, 'केसगळती थांबते.'

तिनं हे कुणाला फसवायला लिहिलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. तिच्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त असायच्या बाळंतिणी. तीन-चार महिन्यांचं मूल कडेवर आणि कंगव्यातला गुंता मुठीत. रडवेल्या तोंडानं यायच्या, तेल न्यायच्या आणि काही महिन्यांनी हसत परत यायच्या. एकीनंही कधी तक्रार केली नव्हती. एवढा अनुभव गाठीशी असल्यावर शंका घ्यायला माणूस मुद्दाम वाकडाच असावा लागतो, आणि थोरली सरळ होती.

त्या वर्षी धाकटी जाऊ बाळंत झाली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात थोरलीला तापानं गाठलं. अंग असं भाजत होतं की कपाळावरची ओली घडी बघता बघता सुकायची. घरात पहिलं बाळ आलं आणि हिला त्याच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. ताप उतरला, अशक्तपणा गेला, बाळ हिच्या मांडीवर आलं, आणि सगळे ते आजारपण विसरूनही गेले.

तीन महिन्यांनी कंगव्यात केस येऊ लागले. आधी थोडे, मग झुपकेच्या झुपके. उशीवर, पदरावर, कणकेत. थोरलीनं कुणाला सांगितलं नाही. तेलवालीचेच केस गळतात हे बाहेर फुटलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. तिनं रोज दुप्पट तेल चोपडलं. मग तिला वाटलं, हा घाणाच बिघडला असावा, पाला जुना असेल. तिनं अख्खं पातेलं ओतून दिलं आणि नवं तेल करायला घेतलं. केसांवर काही फरक नाही.

हा सगळा गुपचूप कारभार उघडा पडला तो न्हाणीघरात पाणी तुंबल्यामुळे. तिचा नवरा बाही सरसावून खाली बसला आणि त्यानं जाळीतून मांजराएवढा गोळा बाहेर काढला.

"हे कुणाचं?" त्यानं काडीवर धरून विचारलं.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

"अर्धं माझं," धाकटी हळूच म्हणाली. "ताई, मी मुद्दाम बोलले नाही. तुम्ही तेल घेऊन मागे लागला असतात. आणि त्या वासानं बाळ तोंड फिरवतं, दूधच पीत नाही."

"म्हणजे तू तेल लावतच नाहीस?"

"बाळ झाल्यापासून थेंबसुद्धा नाही."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. जिनं तेल लावलं तिचे केस गळतायत आणि जिनं लावलं नाही तिचेही गळतायत. म्हणजे तेलाचा काही दोष नाही. ती इतकी खूश झाली की नवऱ्याच्या हातातला तो ओंगळ गोळा तिनं स्वतः नेऊन टाकला. पण मग दोष कुणाचा, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. पाण्याचा म्हणावं, तर त्याच पाण्यानं न्हाणाऱ्या दोघा पुरुषांचे केस जागच्या जागी होते. शेवटी दोघी जावा बाळाला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

डॉक्टरीणबाई बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी दोघींच्या केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढली. दोघींचेही बरेच केस अलगद हातात आले. त्यातला एक त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवला.

"टोकाला हा पांढरा ठिपका दिसतोय?"

"मूळ आहे ना ते?" थोरलीनं घाबरत विचारलं. "मुळापासूनच निघाला म्हणजे."

"सगळ्यांना तसंच वाटतं. मूळ कातडीच्या आत शाबूत आहे. हा विसावा घेतलेल्या केसाचा बुडखा आहे. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो, आणि मग गळतो. त्याच्या जागी नवा येतो. एरवी हे पाळीपाळीनं चालतं, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पण कडक ताप आला की शरीराला मोठा धक्का बसतो, आणि वाढणारे पुष्कळ केस एकदमच विसाव्याला बसतात. मग तीन महिन्यांनी ते एकदमच गळतात."

"आणि माझं?" धाकटीनं विचारलं. "मला तर ताप नव्हता. उलट पोटुशी असताना केस इतके दाट झाले होते की सगळे विचारायचे."

"तेव्हा जे गळायला हवे होते ते थांबून राहिले होते, म्हणून दाट. बाळंतपण झालं की ते सगळे मिळूनच निघतात. दूध पाजल्यामुळे होतं असं कुणी म्हणेल, ते ऐकू नका. काही महिन्यांत गळणं आपोआप कमी होईल. टक्कल पडणार नाही. फक्त लांबी यायला वेळ लागतो, केस महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढाच वाढतो. रक्त तेवढं तपासून घ्या. लोह कमी असलं किंवा थायरॉइडचा त्रास असला तर केस भरायला अडचण येते."

"आणि तेल?" थोरलीनं शक्य तितक्या सहज सुरात विचारलं.

"लावा की. केस मऊ राहतात, विंचरताना कमी तुटतात."

"गळणं थांबत नाही?"

"ते तुमच्या तेलाची वाट बघत बसत नाही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. समोर कोण बसलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

परतताना धाकटी बाळाला थोपटत चालत होती आणि मनातलं मोठ्यानं बोलत होती. "गंमतच आहे. म्हणजे तुमच्याकडे बायका येतात त्या केस सगळ्यात जास्त गळत असताना येतात. आणि तिथून पुढे ते तसेही कमीच होणार अस..."

तिनं जीभ चावली, पण उशीर झाला होता. थोरलीच्या पायाखालची वाळू सरकली. तेल निर्दोष ठरलं म्हणून ती इतके दिवस मिरवत होती. पण ज्या साक्षीनं तेलाचा दोष गेला होता, त्याच साक्षीनं त्याचं श्रेयही चाललं होतं. तेलाचा गळण्याशी संबंध नाही, तर थांबण्याशी तरी कुठून असणार? इतक्या जणींनी हात हातात घेऊन मानलेले आभार तिला घरी येईपर्यंत एकेक करून आठवत राहिले.

रक्ताचे अहवाल आले. थोरलीचं सगळं ठीक, धाकटीचं लोह थोडं कमी, तिला गोळ्या सुरू झाल्या. थोरलीनं ठरवलं, आता बघूच. आपण तेल लावायचं, हिनं लावायचं नाही, आणि कुणाचे केस आधी भरतात ते पाहायचं. नवऱ्यानं लगेच नाक मुरडलं.

"हा कसला न्याय? ती वयानं लहान, तिला गोळ्या चालू, तुला तापाचं निमित्त, तिला बाळंतपणाचं. दोन डोकी सारखी कशी होतील?"

थोरलीनं क्षणभर विचार केला. "मग एकाच डोक्यावर करते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मधोमध भांग पाडून दोन वेण्या घालायला सुरुवात केली. डाव्या बाजूला रोज तेल, उजवी बाजू कोरडी. डावी वेणी तुकतुकीत आणि आज्ञाधारक, उजवी पिंजारलेली. चाळिशी उलटलेल्या बाईला शाळकरी मुलीसारख्या दोन वेण्यांत पाहून धाकटा दीर रोज दप्तर कुठंय म्हणून विचारायचा. ती बाजारात जाताना डोक्याला रुमाल गुंडाळायची, पण प्रयोग मोडला नाही. न्हायची वेळ आली की धाकटी तिच्या मागे बसून दोन्ही बाजू निरखायची. थोरलीला मनापासून वाटत होतं की डावी जिंकावी. न वाटायला ती काही देव नव्हती. मागच्या खोलीतलं पातेलं मात्र तिनं चुलीवर चढवलं नाही.

हळूहळू कंगवा मोकळा राहू लागला. मग एका सकाळी कपाळाच्या कडेनं बारीक, उभे, कशालाच न जुमानणारे केस दिसले. दोन्हीकडे. धाकटीच्याही कपाळावर तसेच आले होते. ती रोज आरशापुढे हसायची. डाव्या बाजूला जरा जास्त आहेत का, असं थोरलीनं तीनतीनदा विचारलं. धाकटीनं पट्टी लावून पाहिली.

"सारखेच आहेत, ताई," ती म्हणाली, आणि तिनं जावेचा हात हातात घेतला.

त्याच सुमारास कापडदुकानातली एक बाई आली. पहिल्या बाळंतपणानंतर हिनंच तेल नेलं होतं आणि गावभर डंका पिटला होता. आता दुसरं मूल चार महिन्यांचं, आणि पिशवीत केसांची पुरचुंडी. थोरली नुकतीच न्हाली होती, केस मोकळे वाळत होते.

"काकू, या वेळी दोन बाटल्या द्या."

थोरलीनं तिला बसवलं. विसाव्याला बसलेल्या केसांपासून सगळं सांगितलं. रक्त तपासून घे म्हणाली, घाबरू नकोस म्हणाली, आणि शेवटी म्हणाली, "तेलानं केस मऊ होतील. थांबतील ते आपले आपण."

"असं कसं, काकू? मागच्या वेळी तुमच्याच तेलानं थांबले होते. मी स्वतः अनुभव घेतलाय."

"मीही घेतलाय. हे बघ, सहा महिने मी अर्ध्याच डोक्याला तेल लावलं." थोरली पाठ करून तिच्यासमोर पाटावर बसली. "कोणत्या बाजूला, ते ओळख."

बाईनं मूल धाकटीकडे दिलं. तिनं केस बाजूला सारून भांगाच्या दोन्ही कडा पाहिल्या, नवे केस बोटांनी उभे केले, उजेडाकडे मान वळवून पुन्हा पाहिलं. मन लावून पाहत होती बिचारी, कारण तिलाही तेलच जिंकायला हवं होतं. थोरली डोळे मिटून बसली होती. सत्य तिनंच सांगितलं होतं, तरी या बाईचं बोट डाव्या बाजूला पडावं, एवढं एकदाच पडावं, असं तिला वाटत होतं.

"ही," बाई खात्रीनं म्हणाली, आणि उजव्या बाजूवर हात ठेवला.